ऑटोइम्यून आजारात इजा नेमकी कोण करते?

ग्रेव्हज आजार, मायस्थेनिया ग्रॅव्हिस, हाशिमोटोचा थायरॉइड आजार आणि टाइप वन मधुमेह हे चारही आजार एकाच कुळातले आहेत. चारहींमध्ये रोगप्रतिकार यंत्रणा शरीराच्या एकाच ठरावीक अवयवाला परका समजून त्याच्यावर उलटते. ल्युपससारख्या आजारात त्वचा, सांधे, मूत्रपिंड असे बरेच काही एकाच वेळी होरपळते. इथे तसे होत नाही. तरीही या चार आजारांचे रुग्ण एकमेकांशेजारी बसवले तर त्यांच्यात काही साम्य आहे असे कुणालाही वाटणार नाही. एकीची छाती धडधडते, हात थरथरतात, भरपूर खाऊनही वजन उतरत जाते. दुसऱ्याच्या पापण्या संध्याकाळपर्यंत मिटू लागतात आणि जेवताना जबडा थकतो. तिसरी थंडीने कुडकुडते, सुस्तावते. चौथे एखादे शाळकरी पोर असते. काही आठवड्यांत ते रोडावते, सारखे पाणी मागते आणि रात्री अंथरूण ओले करू लागते.

हा फरक दोन गोष्टींमुळे पडतो. यंत्रणेने कोणत्या रेणूला लक्ष्य केले आणि तो रेणू पेशीच्या बाहेर आहे की आत, ही पहिली. दुसरी म्हणजे हल्ल्याचे साधन: अँटिबॉडी की टी पेशी. या दोन गोष्टी एकमेकींशी घट्ट बांधलेल्या आहेत. अँटिबॉडी हे रक्तात फिरणारे प्रथिन आहे. पेशीच्या पृष्ठभागावर जे उघडे असते तेवढ्यालाच ते चिकटू शकते. जिवंत पेशीच्या आत घुसून तिथल्या प्रथिनाला धरणे त्याला सहसा साधत नाही. टी पेशीची रीत वेगळी. शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे एचएलए नावाच्या रेणूंवर ठेवून बाहेर दाखवत असते. टी पेशी त्या तुकड्यांची पारख करते, त्यामुळे पेशीच्या पोटातले प्रथिनही तिचे लक्ष्य होऊ शकते. मात्र त्यासाठी तिला स्वतः त्या अवयवात शिरावे लागते.

रुग्णाच्या रक्तात अँटिबॉडी सापडली म्हणजे तिनेच इजा केली, असे मात्र म्हणता येत नाही. इजा दुसऱ्याने केलेली असते आणि अँटिबॉडी तिची केवळ खूण असते, असेही होते. हे ठरवण्याची एक सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. गरोदरपणात आईच्या आयजीजी जातीच्या अँटिबॉडी वारेतून बाळाच्या रक्तात जातात. आईच्या टी पेशी मात्र बाळाच्या अवयवावर हल्ला चढवण्याइतक्या संख्येने पलीकडे पोहोचत नाहीत. अँटिबॉडीच खरी दोषी असेल तर निरोगी बाळालाही काही काळ आईचा आजार व्हायला हवा. टी पेशी दोषी असतील तर होता कामा नये. चारही आजार या कसोटीवर घासून पाहता येतात.

ग्रेव्हज आजार या कसोटीवर सर्वांत स्पष्ट उतरतो. थायरॉइड ग्रंथीच्या पेशींवर टीएसएच या संप्रेरकासाठी एक रिसेप्टर असतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी गरजेनुसार टीएसएच सोडते, ते रिसेप्टरला चिकटते आणि थायरॉइड आपले संप्रेरक तयार करते. रक्तात थायरॉइडचे संप्रेरक पुरेसे झाले की पिट्यूटरी हात आखडता घेते. ग्रेव्हज आजारातली अँटिबॉडी नेमकी या रिसेप्टरला चिकटते. ती पेशी मारत नाही, उलट पेशीला कामाला लावते. दारावरच्या बेलचे बटण कुणी दाबून धरावे तशी ही अवस्था असते. पिट्यूटरी टीएसएच सोडणे जवळजवळ बंद करते, पण बटणावरचे बोट तिच्या हुकमतीत नसते. म्हणून या रुग्णांच्या रक्ततपासणीत थायरॉइडचे संप्रेरक वाढलेले आणि टीएसएच जवळपास शून्यावर आलेले दिसते.

या अँटिबॉडीचा पहिला माग १९५६ साली न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात लागला. डंकन अॅडम्स आणि हर्बर्ट पर्व्हज यांनी गिनीपिगच्या थायरॉइडमध्ये किरणोत्सारी आयोडीन भरले आणि मग त्या प्राण्यांना मानवी रक्तद्रव टोचून आयोडीन किती वेगाने बाहेर पडते ते मोजले. टीएसएच टोचले की परिणाम दोन-तीन तासांत शिखर गाठून ओसरायचा. अतिक्रियाशील थायरॉइडच्या काही रुग्णांच्या रक्तद्रवाचा परिणाम मात्र कितीतरी तासांनंतरही टिकून राहायचा. रक्तात टीएसएचखेरीज थायरॉइडला चालना देणारे आणखी काहीतरी होते. ते अँटिबॉडी आहे, हे पुढच्या दशकात कळले. अँटिबॉडी म्हणजे नाश करणारी वस्तू, अशी तोवरची समजूत होती. संप्रेरकाची नक्कल करणारी अँटिबॉडी ही कल्पनाच नवी होती.

आता बाळाची कसोटी. समजा, एका बाईला सहा वर्षांपूर्वी ग्रेव्हज आजार झाला होता. किरणोत्सारी आयोडीन देऊन तिची ग्रंथी निकामी करण्यात आली. तेव्हापासून ती रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळी घेते आणि तिचा टीएसएच व्यवस्थित असतो. आता ती गरोदर आहे. दवाखान्यात ‘थायरॉइडची गोळी चालू आहे’ एवढेच सांगितले गेले, तर तिची गणना साध्या थायरॉइड कमतरतेत होते आणि धोका नजरेआड राहतो. आयोडीनने ग्रंथी जाते, अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी जात नाहीत. आईजवळ आता प्रतिसाद देणारी ग्रंथीच उरलेली नसते, त्यामुळे तिला काही जाणवत नाही. बाळाजवळ मात्र धडधाकट ग्रंथी असते. म्हणून अशा बाईची टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडीची तपासणी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच करायची असते. ज्या प्रयोगशाळेत १.७५ ही वरची मर्यादा आहे तिथे हिचा आकडा १२ आला असे धरू. मर्यादेच्या तिपटीहून जास्त आकडा आला की बाळावर बारीक लक्ष ठेवायचे, असा संकेत आहे.

विसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाचे थायरॉइड चालना स्वीकारू लागते आणि वारेतून जाणाऱ्या अँटिबॉडीही वाढत जातात. सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाचे ठोके सतत मिनिटाला १६० च्या वर राहणे, मानेत ग्रंथीचा फुगवटा दिसणे आणि वाढ मागे पडणे या त्रासाच्या खुणा आहेत. अशा वेळी आईला थायरॉइड दाबणारे औषध देतात. ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते. आईला त्याची गरज नसते. तिची थायरॉक्सिनची गोळी चालूच राहते. आईच्या तोंडून दिलेले औषध पोटातल्या बाळासाठी असते.

जन्मानंतर एक सापळा असतो. औषध बाळाच्या रक्तातून एक-दोन दिवसांत संपते, अँटिबॉडी टिकून राहते. त्यामुळे पहिल्या दिवशी ठीक दिसणारे बाळ आठवडाभरात किरकिरे होते, त्याची नाडी धावते आणि भरपूर दूध पिऊनही वजन वाढत नाही. पहिल्या दिवशीच्या तपासणीवर विसंबून घरी पाठवले तर हे हुकते. म्हणून तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आणि पुन्हा दोन आठवड्यांच्या सुमारास तपासणी करतात. पुढचा हिशेब सोपा आहे. आयजीजी अँटिबॉडी साधारण तीन आठवड्यांत निम्मी होते. बाळाच्या रक्तातही १२ चा आकडा असेल तर तीन आठवड्यांनी ६, सहा आठवड्यांनी ३ आणि नऊ आठवड्यांनी १.५, म्हणजे मर्यादेच्या आत. बाळाचा आजार आपोआप मावळतो आणि परत येत नाही, कारण अँटिबॉडीचा कारखाना आईच्या शरीरात राहिला. अँटिबॉडी हीच आजाराचे कारण आहे, याचा याहून स्वच्छ पुरावा सापडणे कठीण.

मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्येही लक्ष्य पृष्ठभागावरचा रिसेप्टरच असतो, पण परिणाम अगदी उलटा होतो. नस जिथे स्नायूला भेटते तिथे नसेच्या टोकातून अॅसिटिलकोलीन हे रसायन सुटते. स्नायूवरच्या रिसेप्टरला ते चिकटले की स्नायू आकुंचन पावतो. इथली अँटिबॉडी रिसेप्टरला चालना देत नाही, रिसेप्टर नाहीसे करते. दोन शेजारच्या रिसेप्टरना ती एकत्र बांधते आणि पेशी अशी जोडी नेहमीपेक्षा दोन-तीन पट वेगाने आत ओढून मोडीत काढते. शिवाय कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली प्रथिने तिच्यामागून येऊन स्नायूचा तो भागच जाळतात. काही अँटिबॉडी रसायनाची वाटही अडवतात.

या आजाराची खास ओळख म्हणजे वापरागणिक वाढत जाणारा थकवा, आणि त्याचे कारण या यंत्रणेतच आहे. नस एकामागोमाग एक संदेश पाठवू लागली की दर वेळी सुटणारे रसायन थोडे थोडे कमी होत जाते. निरोगी माणसात रिसेप्टर गरजेपेक्षा पुष्कळ जास्त असल्याने ही घट कळत नाही. रुग्णात ही शिल्लकच नसते. पहिले दोन-चार घास नीट चावले जातात, मग जबडा साथ सोडतो. वर पाहत राहायला सांगितले तर मिनिटाभरात पापण्या खाली येतात. विश्रांती दिली की पुन्हा उघडतात. नसेला सेकंदाला तीन वेळा सौम्य विजेचा धक्का देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजला तर तो धक्क्यागणिक उतरताना दिसतो. ही घट दहा टक्क्यांहून जास्त असेल तर निदानाला बळ मिळते. विषबाधेशी असलेले साम्यही बोलके आहे. महाराष्ट्रात ग्रामीण दवाखान्यात नागदंशाचा रुग्ण येतो तेव्हा त्याच्याही पापण्या आधी पडतात, मग गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. नागाचे विष याच रिसेप्टरवर बसते. म्हणून तिथे वापरले जाणारे निओस्टिग्मिन आणि मायस्थेनियाच्या रुग्णाची रोजची पायरिडोस्टिग्मिनची गोळी ही एकाच घराण्यातली औषधे आहेत. दोन्ही अॅसिटिलकोलीनचे विघटन लांबवतात. मेरी वॉकर या डॉक्टर बाईंनी १९३४ साली लंडनजवळच्या ग्रिनिच इथे या जातीचे पहिले औषध वापरले. मायस्थेनियाची लक्षणे कुरारे या विषाच्या बाधेसारखी दिसतात, मग कुरारेचा उतारा इथेही लागू पडावा, असा त्यांचा विचार होता.

इथे अँटिबॉडीचा दोष सिद्ध झाला तो एका अनपेक्षित घटनेतून. १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम अॅसिटिलकोलीन रिसेप्टरविरुद्ध अँटिबॉडी मिळवण्यासाठी सशांना इलेक्ट्रिक ईल माशापासून काढलेला शुद्ध रिसेप्टर टोचत होते. पुढचे डोस दिल्यावर ससे लुळे पडले. निओस्टिग्मिन देताच ते तेवढ्यापुरते उठले. दोनच वर्षांनी रुग्णांची आयजीजी उंदरांना टोचून त्यांच्या स्नायूंतले रिसेप्टर घटतात हेही दाखवण्यात आले. बाळाची कसोटी तर आहेच. मायस्थेनिया असलेल्या आईच्या दर दहा बाळांपैकी एक-दोन बाळे पहिल्या काही दिवसांत मलूल पडतात, रडणे क्षीण होते, दूध ओढता येत नाही. आणि काही आठवड्यांत ती पूर्ववत होतात. ग्रेव्हजप्रमाणेच इथेही अवयव मूळचा शाबूत असतो. म्हणूनच आजार बळावून श्वास अडू लागला तर रक्तद्रव बदलून अँटिबॉडी काढून टाकता येते आणि रुग्ण काही दिवसांतच सुधारतो. अर्थात हा दिलासा काही आठवड्यांचाच असतो, कारण नव्या अँटिबॉडी तयार होतच राहतात. त्या आटोक्यात ठेवायला स्टेरॉइड आणि प्रतिकार दाबणारी इतर औषधे लागतात, आणि काही रुग्णांना छातीतली थायमस ग्रंथी काढण्याचा फायदा होतो.

हाशिमोटोच्या आजारात कसोटीचा निकाल फिरतो. अवयव ग्रेव्हजचाच, थायरॉइड. पण इथे ग्रंथी हळूहळू नष्ट होते. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली चार स्त्रियांच्या काढलेल्या ग्रंथींचे वर्णन केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ग्रंथी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींनी भरून गेलेल्या होत्या. १९५६ साली लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या रक्तात थायरॉइडच्याच प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी सापडली. अवयवापुरता मर्यादित असलेला स्वयंप्रतिकार माणसात खरोखर घडतो, हे त्यातून पहिल्यांदा दिसले. आज या निदानासाठी टीपीओ अँटिबॉडी तपासतात आणि बहुतेक सर्व रुग्णांत ती भरपूर आढळते. पण टीपीओ हे एन्झाइम पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला नसते. ते पेशीच्या आत आणि ग्रंथीतल्या बंद पोकळीकडे तोंड करून असते. आईची टीपीओ अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जाते आणि बाळाच्या ग्रंथीला काहीही होत नाही. पेशी मारण्याचे मुख्य काम ग्रंथीत शिरलेल्या टी पेशींचे असते; ग्रंथी मोडू लागल्यावर अँटिबॉडी त्याची वर्दी देते. म्हणूनच औषधाचा डोस टीपीओच्या आकड्यावर ठरत नाही, टीएसएचवर ठरतो. हा आकडा उतरवण्यासाठी वारंवार तपासण्या करणे व्यर्थ आहे. याच आजारात क्वचित टीएसएच रिसेप्टरला चालना न देता अडवून धरणारी अँटिबॉडीही असते. ती बाळाकडे गेली तर त्याला काही काळ थायरॉइडची कमतरता होते. पृष्ठभागावरचा रेणू आणि आतला रेणू यांतला फरक एकाच ग्रंथीत असा दिसून येतो.

टाइप वन मधुमेहात टी पेशींचा हात सर्वांत उघड आहे. स्वादुपिंडात विखुरलेल्या पेशींच्या छोट्या पुंजक्यांत बीटा पेशी इन्सुलिन बनवतात आणि त्यांना लागूनच अल्फा पेशी ग्लुकागॉन बनवतात. आजारात बीटा पेशी वेचून मारल्या जातात, अल्फा पेशी तशाच राहतात. रक्तात इन्सुलिन, जीएडी, आयए-टू आणि झिंक ट्रान्सपोर्टर यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी मिळतात. यातली बहुतेक प्रथिने पेशीच्या आतली आहेत. टाइप वन मधुमेह असलेल्या आईच्या या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात महिनोन्‌महिने सापडतात, पण त्यांच्यामुळे बाळाला मधुमेह होत नाही. (अशा बाळाची साखर जन्मानंतर घसरते ती वेगळ्या कारणाने: आईच्या वाढलेल्या साखरेला उत्तर म्हणून बाळाने स्वतःचे इन्सुलिन वाढवलेले असते.) उलट बाजूचा पुरावाही आहे. जन्मजात दोषामुळे ज्याच्या शरीरात अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी जवळजवळ नव्हत्याच, अशा एका मुलाला टाइप वन मधुमेह झाल्याची नोंद २००१ साली प्रसिद्ध झाली. अँटिबॉडी नसतानाही आजार पूर्ण घडू शकतो, हे त्यातून कळले.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९८० च्या दशकात झालेल्या काही शस्त्रक्रियांनी उरलेला संशय दूर केला. बरीच वर्षे मधुमेह असलेल्या रुग्णांना त्यांच्याच निरोगी एकसारख्या जुळ्या भावंडाच्या स्वादुपिंडाचा भाग बसवण्यात आला. जनुके तीच, त्यामुळे अवयव नाकारला जाण्याची भीती नव्हती आणि प्रतिकार दाबणारी औषधे जवळजवळ दिली नाहीत. अवयव नाकारला गेला नाही, पण मधुमेह परतला. तपासलेल्या तुकड्यात टी पेशींचा घोळका होता आणि बीटा पेशी तेवढ्या गेलेल्या होत्या. मूळच्या बीटा पेशी संपून इतकी वर्षे लोटली तरी टी पेशींची आठवण पुसली गेलेली नव्हती.

इथून उपचारांचा मार्गही वेगळा होतो. रक्तद्रव बदलून टाइप वन मधुमेहाला काही उपयोग नाही, कारण दोषी रक्तद्रवात नसतो. शिवाय लक्षणे दिसतात तोवर बहुतांश बीटा पेशी गेलेल्या असतात आणि त्या पुरेशा प्रमाणात पुन्हा उगवत नाहीत. अँटिबॉडीचा खरा उपयोग इथे भाकितासाठी होतो. लहानपणीच दोन किंवा अधिक जातींच्या अँटिबॉडी दिसलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांना दहा वर्षांत मधुमेह होतो. या मधल्या काळात टी पेशींना आवर घालणारे टेप्लिझुमॅब हे औषध चौदा दिवस शिरेतून दिले तर आजार सरासरी दोन वर्षे पुढे ढकलला जातो. अमेरिकेत त्याला २०२२ साली परवानगी मिळाली. शाळकरी मुलाच्या बाबतीत इन्सुलिनविना मिळालेली दोन वर्षे थोडी नव्हेत.

हाशिमोटो आणि टाइप वन मधुमेह यांत इजा एकाच प्रकारे होते, तरी रुग्णांचे आयुष्य इतके वेगळे का, याचे उत्तर प्रतिकार यंत्रणेत नाही, गेलेल्या संप्रेरकाच्या स्वभावात आहे. थायरॉक्सिन रक्तात निम्मे व्हायला सुमारे आठवडा लागतो. रोजची एक गोळी पुरते आणि एखादा दिवस चुकली तरी फरक पडत नाही. इन्सुलिन काही मिनिटांत निम्मे होते आणि प्रत्येक घासाबरोबर त्याची गरज बदलते. त्यामुळे एका आजारात वर्षातून एक-दोन तपासण्या पुरतात, दुसऱ्यात दिवसातून अनेकदा साखर मोजावी लागते आणि इन्सुलिन चुकले तर काही तासांपासून दिवसाभरात कीटोअॅसिडोसिस होऊन जीव धोक्यात येतो.

हे आजार एकाच माणसात किंवा एकाच घरात एकत्र येतात, त्याचे कारण त्यांच्या सामायिक पायात आहे. टी पेशी थायमस ग्रंथीत घडतात. तिथे शरीराच्या निरनिराळ्या अवयवांची प्रथिने, अगदी इन्सुलिनसुद्धा, थोड्या प्रमाणात तयार करून त्यांना दाखवली जातात. जी टी पेशी त्यांच्यावर तुटून पडते ती तिथेच नष्ट केली जाते. या गाळणीतून काही पेशी निसटतातच. एचएलएची काही ठरावीक रूपे वारशाने मिळाली असतील तर स्वतःच्या प्रथिनांचे तुकडे टी पेशींपुढे अशा रीतीने मांडले जातात की निसटण्याची शक्यता वाढते. ही रूपे टाइप वन मधुमेह, थायरॉइडचे आजार आणि मायस्थेनिया यांत वारंवार भेटतात. वारसा प्रवृत्तीचा असतो, अवयवाचा नसतो; आईला हाशिमोटो आणि मुलीला टाइप वन मधुमेह असे त्यामुळे घडते. म्हणून टाइप वन मधुमेहाचे निदान झाले की मुलाची थायरॉइड तपासणी तेव्हाच करतात आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी करत राहतात. साखर वारंवार विनाकारण घसरू लागली किंवा उंची वाढायची थांबली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता टीएसएच तपासायचा असतो. ग्रेव्हजच्या रुग्णाच्या डोळ्यांचा त्रास आजारामुळेच आहे असे धरून चालले असताना पापणी संध्याकाळी जास्त पडू लागली, एकाऐवजी दोन दिसू लागले, तर मायस्थेनियाची अँटिबॉडी तपासून पाहतात. कारण ग्रेव्हजमध्ये पापणी वर ओढली जाते, खाली पडत नाही.